हसत हसत ‘ऊ’ म्हणताना

सहा वर्षांची छकुली खिडकीपाशी उभी आहे. बाहेर पहिल्या सरी कोसळतात, ती वळते आणि आनंदानं ओरडते, “आई, पाऊस आला!” अ‍ॅनिमेशनपटातला हा प्रसंग जेमतेम पावणेदोन सेकंदांचा. सेकंदाला चोवीस चित्रं धरली तर साधारण बेचाळीस चित्रांत तो संपतो. तेवढ्या वेळात छकुलीला तोंड उघडायचं आहे, मिटायचं आहे, ओठांचा चंबू करायचा आहे, एकदा डोळे मिचकवायचे आहेत आणि हे सगळं चालू असताना हसतही राहायचं आहे. संगणकात घडवलेल्या चेहऱ्याकडून हे कसं करून घेतात, ते या एका वाक्याच्या आधारानं पाहू.

त्यासाठी आपण ब्लेंडर वापरू. त्रिमित अ‍ॅनिमेशनचं हे सॉफ्टवेअर मोफत मिळतं. २००२ साली लोकवर्गणीतून एक लाख युरो उभे राहिले आणि ते सर्वांसाठी खुलं झालं. पूर्ण लांबीचे चित्रपटही आज त्यात तयार होतात. त्यातल्या चेहऱ्याला भाव आणि उच्चार देण्याचं मुख्य साधन म्हणजे शेप की.

फरकांची बेरीज

ब्लेंडरमधला चेहरा म्हणजे काही हजार बिंदूंचं जाळं, म्हणजेच मेश. प्रत्येक बिंदूची अवकाशातली जागा ठरलेली असते. पहिली शेप की तयार केली की ब्लेंडर तिला `Basis` हे नाव देतं. हा छकुलीचा मूळ चेहरा: ओठ हलकेच मिटलेले, डोळे उघडे, भाव कोणताच नाही. मग दुसरी की तयार करून तिला ‘हसू’ असं नाव द्यायचं आणि ती निवडलेली असताना ओठांचे कोपरे ओढून, गाल फुगवून हसरा चेहरा घडवायचा. आता पॅनेलमधल्या `Value` या पट्टीवर शून्य ठेवलं की मूळ चेहरा दिसतो, एक ठेवलं की पूर्ण हसू दिसतं आणि मधला आकडा ठेवला की त्या प्रमाणात हसू येतं.

यात नेमकं काय घडतं ते नीट समजून घ्यायला हवं, कारण पुढच्या सगळ्या अडचणी आणि त्यांवरचे उपायही इथूनच निघतात. हसऱ्या चेहऱ्याचं चित्र मूळ चेहऱ्यावर चढवलं जात नाही. प्रत्येक बिंदू मूळ जागेपासून किती आणि कुठे सरकला, एवढा फरक ब्लेंडर काढतं आणि त्याला `Value` नं गुणून मूळ जागेत मिळवतं. ओठाचा कोपरा पूर्ण हसताना ८ मिलिमीटर बाहेर जात असेल, तर अर्ध्या हसूत तो ४ मिलिमीटर जातो. दोन की एकाच वेळी चालू असतील तर दोन्ही फरक मिळवले जातात. चेहऱ्याचा अख्खा रिग असा बेरजेवर उभा असतो.

याच कारणानं एक पथ्य पाळावं लागतं. शेप की करण्याआधी जाळ्याची बांधणी पूर्ण झालेली हवी. ओठांभोवती आणि डोळ्यांभोवती बिंदूंची कडी वर्तुळाकार हवीत. ओठांचा चंबू करताना ती आवळतात आणि तोंड उघडताना सैल होतात, त्यामुळे कातडी नीट घडी घेते. चेहऱ्याची एक बाजू घडवून दुसरी आरशासारखी दाखवणारा `Mirror` मॉडिफायर वापरला असेल, तर तो आधीच पक्का करून टाकावा लागतो. शेप की असलेल्या मेशवर असा मॉडिफायर पक्का करायला ब्लेंडर नकार देतं, कारण बिंदूंची संख्या बदलली तर कोणत्या बिंदूचा फरक कोणाला लावायचा हा हिशेबच मोडतो.

पापणी आणि सरळ रेषा

बेरजेचा पहिला परिणाम असा की प्रत्येक बिंदू सरळ रेषेत सरकतो. गालाच्या किंवा भुवईच्या बाबतीत हे खपून जातं. पापणीच्या बाबतीत मात्र नाही, कारण तिला गोल बुबुळावरून घसरत खाली यायचं असतं.

छकुलीचा डोळा माणसाच्या डोळ्याएवढा, म्हणजे १२ मिलिमीटर त्रिज्येचा गोल धरू. वरच्या पापणीची कड मध्यरेषेच्या वर ४० अंशांवर आहे आणि डोळा मिटल्यावर ती मध्यरेषेच्या खाली २० अंशांवर येते. ‘मिट’ ही की आपण घडवली. शून्यावर डोळा छान उघडा आहे, एकावर छान मिटलेला आहे. पण पट्टी अर्ध्यावर आणली की पांढरं बुबुळ पापणीतून बाहेर डोकावतं. ६० अंशांचा कंस कापून जाणारी सरळ रेषा मध्यावर गोलाच्या पृष्ठभागापासून सुमारे १.६ मिलिमीटर आत असते, आणि पापणी त्याच रेषेवरून चालली आहे. नवख्या माणसाच्या हे लवकर लक्षात येत नाही, कारण तो पट्टी शून्यावर आणि एकावर तपासतो. प्रत्येक की अर्ध्यावर थांबवून पाहायची सवय लावून घ्यावी.

यावर उपाय म्हणजे दुरुस्तीची वेगळी की. ‘मिट’ अर्ध्यावर ठेवायची आणि पापणी जिथे बुबुळात घुसते तिथे तिला बाहेर काढणारा फरक नव्या कीमध्ये साठवायचा. ही की डोळा अर्धा मिटलेला असताना पूर्ण लागू व्हायला हवी आणि दोन्ही टोकांना नाहीशी व्हायला हवी. दर वेळी हातानं पट्टी सरकवणं शक्य नसतं, म्हणून तिच्या `Value` वर ड्रायव्हर बसवतात. ड्रायव्हर म्हणजे एका आकड्यावरून दुसरा आकडा ठरवणारं सूत्र. ‘मिट’ या कीचा आकडा `blink` या नावानं घेतला, तर दुरुस्तीचं सूत्र असं होतं:

```
4*blink*(1-blink)
```

`blink` शून्य किंवा एक असेल तर उत्तर शून्य येतं आणि अर्धा असेल तर एक. पाव मिटलेल्या डोळ्यासाठी उत्तर ०.७५ येतं, म्हणजे पापणी १.२ मिलिमीटर बाहेर ढकलली जाते. भूमितीनं तिथली गरज काढली तर तीही जवळपास तेवढीच भरते. एवढ्या साध्या सूत्रानं सरळ रेषेची पुरेशी चांगली कमान होते.

जबड्याचं दुखणंही हेच आहे, फक्त मोठ्या प्रमाणावर. जबडा कानापुढच्या सांध्याभोवती फिरतो, दार बिजागरीवर फिरतं तसा. शेप कीनं तो उघडला तर हनुवटी सरळ रेषेत सरकते आणि अर्ध्या वाटेवर चेहरा आखूड वाटतो. शिवाय खालचे दात आणि जीभ हे बहुतेकदा वेगळे भाग असतात, त्यांनाही सोबत न्यावं लागतं. म्हणून जबड्यासाठी रिगमध्ये एक हाड ठेवतात. ते खरोखर फिरतं आणि दात, जीभ, हनुवटी यांना बरोबर घेऊन जातं. ब्लेंडर आधी शेप कीची बेरीज करतं आणि हाडांचा परिणाम त्यावर चढवतं. त्यामुळे जबडा हाडानं आणि ओठ शेप कीनं, अशी कामाची वाटणी सहज जमते.

भाव नको, स्नायू घ्या

आता कोणत्या की घडवायच्या? पहिला विचार येतो तो ‘आनंद’, ‘राग’, ‘भीती’ अशा सबंध चेहऱ्यांचा. असा रिग लवकर अडतो. छकुलीला आनंदात थोडं आश्चर्य मिसळायचं झालं तर दोन्ही चेहऱ्यांतल्या भुवया, डोळे आणि तोंड यांची एकदमच बेरीज होते आणि भुवया कपाळावर भलत्याच वर चढतात.

पॉल एकमन आणि वॉलेस फ्रीझन या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ साली चेहऱ्याच्या हालचालींची एक पद्धतशीर यादी प्रसिद्ध केली. तिचा आधार भावना नसून स्नायूंच्या दृश्य हालचाली हा आहे. आतल्या भुवया उचलणं ही एक हालचाल, बाहेरच्या उचलणं ही दुसरी, नाक आक्रसणं ही तिसरी. मनापासूनचं हसू या यादीत दोन हालचालींचं मिळून होतं: ओठांचे कोपरे वर ओढले जाणं ही बारावी, आणि गाल उचलले जाऊन डोळे बारीक होणं ही सहावी. छकुलीसाठी या दोन हालचालींच्या दोन वेगळ्या की केल्या की एकीवर तिचं शिष्टाचाराचं हसू निघतं आणि दोन्ही मिळून पावसाचं.

प्रत्येक की डावी-उजवी वेगळी केली तर एका बाजूनं हसणं, एकच भुवई उडवणं शक्य होतं. दोन्ही बाजू वेगवेगळ्या घडवायची मात्र गरज नसते. दोन्हीकडचं हसू एकदा घडवायचं आणि बिंदूंचा एक गट करायचा. त्यात डाव्या बाजूला वजन एक, उजव्या बाजूला शून्य आणि ओठांच्या मध्यावर हळूहळू उतरत अर्धं ठेवायचं. हा गट कीच्या `Vertex Group` मध्ये दिला की फक्त डावं हसू उरतं. `New Shape from Mix` या आज्ञेनं ते स्वतंत्र की म्हणून उतरवून घ्यायचं. तिची आणखी एक प्रत काढून `Mirror Shape Key` दिलं की उजवी बाजू तयार होते. दोन्ही एकावर ठेवल्या की मूळचं हसू जसंच्या तसं दिसायला हवं. वरच्या ओठाच्या मध्यावर खाच किंवा उंचवटा दिसला तर वजनांचा उतार चुकला आहे, असं समजावं.

वर्णमालेतलं तोंड

बोलण्यासाठी किती आकार लागतात, याचं बरंचसं उत्तर मराठी वाचकाला शाळेतच मिळालेलं असतं. आपली वर्णमाला उच्चार तोंडात कुठे होतो यावरून लावलेली आहे आणि कॅमेऱ्याला दिसतात ते प्रामुख्यानं ओठ. पाट, बाट, भाट आणि माठ हे शब्द आरशासमोर म्हणून पाहिले तर चारही वेळा ओठ सारखेच हलतात. त्यांतला फरक घशात आणि नाकात होतो. म्हणून अख्ख्या प-वर्गाला ‘मिटलेले ओठ’ ही एकच की पुरते. त्याशिवाय रुंद उघडा ‘आ’, ताणलेल्या ओठांचा ‘ई’, चंबूचा ‘ऊ’, दात जवळ आणणारा ‘स’ आणि खालचा ओठ वरच्या दातांकडे नेणारा ‘व’ एवढे आकार असले की कामाला सुरुवात करता येते. ‘ए’ आणि ‘ओ’ हे ‘ई’ आणि ‘ऊ’ कमी करून, जबडा थोडा अधिक उघडून मिळतात. क, ग, ट, ड यांना ओठांचा स्वतःचा आकार नसतो. शेजारच्या स्वराचा आकार तिथे चालतो.

आता वाक्य लावू. ध्वनिमुद्रणात ‘पा’ एकोणिसाव्या चौकटीवर फुटतो असं समजा. प हा स्फोटक वर्ण आहे. तो ऐकू येण्याआधी ओठ मिटून हवा अडवावी लागते. म्हणजे ओठ मिटलेले दिसायला हवेत ते सतराव्या आणि अठराव्या चौकटीवर, आणि एकोणिसाव्यावर ते उघडू लागायला हवेत. ‘मिटलेले ओठ’ ही की एकोणिसाव्यावर ठेवली तर तोंड आवाजाच्या मागे पडल्यासारखं वाटतं. ती फक्त एका चौकटीपुरती आणि अर्धवट लागली, तर बघणाऱ्याला छकुली ‘आऊस’ म्हणतेय असं वाटतं. दोन चौकटी पूर्ण मिटलेल्या ओठांना द्याव्यात, त्यासाठी आजूबाजूच्या स्वरांचा वेळ थोडा कमी झाला तरी चालतो.

‘ऊ’चं वागणं याच्या उलट आहे. चंबू अचानक होत नाही. ‘पा’मधला आ संपण्याआधीच ओठ जवळ येऊ लागतात आणि ‘स’ सुरू झाल्यावरही थोडे गोल राहतात. म्हणून ‘ऊ’ची की तीन-चार चौकटी आधीपासून चढवत न्यायची आणि सावकाश उतरवायची. ‘आला’मधल्या ल साठी तोंड मिटायचं नाही. जबडा किंचित वर येतो, जिभेचं टोक क्षणभर टाळूकडे जातं आणि पुन्हा आ. नवखे लोक प्रत्येक अक्षराला पूर्ण आकार देतात आणि तोंड थरथरल्यासारखं दिसतं. या वाक्यात ठळक जागा चारच आहेत: ‘आई’चा पसरट ई, प चे मिटलेले ओठ, ऊ चा चंबू आणि शेवटचा मोठा आ. त्या पक्क्या केल्या की बाकीचं त्यांच्या आधारानं बसतं.

दोन आकारांची टक्कर

आता खरी अडचण. छकुली हसत हसत ‘पाऊस’ म्हणतेय. हसूची की ओठाचा कोपरा ८ मिलिमीटर बाहेर नेते आणि ‘ऊ’ची की ९ मिलिमीटर आत आणते. दोन्ही पूर्ण लावल्या तर बेरीज होते फक्त १ मिलिमीटर आत. म्हणजे चंबूही नाही आणि हसूही नाही, तर ओठ पुढे आलेले आणि कोपरे ताणलेले असं विचित्र तोंड. आरशात पाहून हसत ‘ऊ’ म्हटलं तर कळतं की खरा चेहरा असं करत नाही. ओठ जवळपास पूर्ण गोल होतात आणि हसू गालांत व डोळ्यांत टिकून राहतं. म्हणजे कोपरा १ ऐवजी साधारण ६ मिलिमीटर आत हवा. ५ मिलिमीटर कमी पडतात.

तो फरक वेगळा काढायची युक्ती बेरजेतूनच निघते. ‘हसू’ आणि ‘ऊ’ दोन्ही एकावर ठेवून `New Shape from Mix` द्यायचं. त्या नव्या कीमध्ये बिघडलेलं तोंड जसंच्या तसं येतं. जुन्या दोन की शून्यावर आणून, नवी एकावर ठेवून ते तोंड हातानं हवं तसं दुरुस्त करायचं. या कीमध्ये आता हसू, ऊ आणि दुरुस्ती असं तिन्ही आहे. मग ‘हसू’ आणि ‘ऊ’ यांच्या पट्ट्यांची खालची मर्यादा उणे एकपर्यंत वाढवायची आणि दोन्ही उणे एकवर ठेवायच्या. नवी की एकावरच राहील. आता पडद्यावरचा चेहरा चमत्कारिक दिसतो, पण गणितानं तिथे फक्त दुरुस्ती उरलेली असते. पुन्हा `New Shape from Mix` दिलं की ती स्वतंत्र की म्हणून हाती येते. मधली की पुसून टाकायची, मर्यादा पूर्ववत करायच्या आणि दुरुस्तीवर हा ड्रायव्हर बसवायचा:

```
smile*oo
```

हा गुणाकार असल्यामुळे दोन्हींपैकी एक जरी शून्य असलं तरी दुरुस्ती लागत नाही. या वाक्यात छकुलीचं हसू ०.७ आहे आणि ऊ पूर्ण आहे. कोपरा हसूमुळे ५.६ मिलिमीटर बाहेर, ऊ मुळे ९ आत आणि दुरुस्तीमुळे आणखी ३.५ आत जातो. मिळून ६.९ मिलिमीटर आत. चंबू पुरेसा झाला, आणि दुरुस्ती फक्त ओठांपुरती असल्यानं गालांवरचं हसू ढळलं नाही.

नियंत्रण हातात घेताना

अ‍ॅनिमेटरला पट्ट्यांच्या लांबलचक यादीत काम करायला लावणं योग्य नाही. चेहऱ्याशेजारी छोटी हाडं ठेवतात आणि त्यांची हालचाल ड्रायव्हरनं शेप कीला जोडतात. उभं हाड ५ सेंटिमीटर वर नेलं की पूर्ण हसू यावं, असं ठरवलं तर सूत्र होतं:

```
max(0, var)*20
```

ब्लेंडर हे अंतर मीटरमध्ये मोजतं. ०.०५ गुणिले २० म्हणजे एक. इथे `var` हे चल `Transform Channel` प्रकारचं असतं आणि त्याच्या `Local Space` या पर्यायाकडे विसरून चालत नाही. तो `World Space` वर राहिला तर छकुली जागेवर उभी असेपर्यंत सगळं ठीक दिसतं. पण ती पायऱ्या चढू लागली की प्रत्येक पायरीगणिक तिचं हसू वाढत जातं, कारण ड्रायव्हर हाडाची जमिनीपासूनची उंची मोजत असतो. म्हणून रिग तयार झाल्यावर सबंध पात्र खोलीच्या दुसऱ्या टोकाला नेऊन, वर उचलून, फिरवून पाहावं. चेहऱ्यावर काहीही बदललं तर कुठला तरी ड्रायव्हर चुकीच्या अवकाशात मोजतो आहे.

दुरुस्त्या कुठवर करायच्या, हा शेवटचा प्रश्न. रिगमध्ये २० की असतील तर त्यांच्या १९० जोड्या होतात. प्रत्येक जोडीसाठी दुरुस्ती घडवायला कोणाकडे वेळ नसतो, आणि बऱ्याच जोड्यांना ती लागतही नाही. भुवई आणि ओठ एकमेकांचे बिंदू हलवत नाहीत, त्यामुळे तिथे टक्कर नाही. ज्या दोन की एकाच बिंदूला विरुद्ध दिशांना ओढतात त्या जोड्या आधी शोधाव्यात. त्या बहुतेक ओठांच्या कोपऱ्यांत आणि पापण्यांभोवती सापडतात. मग संहिता हातात घेऊन त्यांतल्या कोणत्या जोड्या प्रत्यक्ष येणार आहेत ते पाहावं. छकुलीच्या वाक्यात हसू आणि ऊ, हसू आणि मिटलेले ओठ, तसंच उचललेला गाल आणि मिटणारी पापणी अशा तीन जोड्या निघतात. तेवढ्या तीन दुरुस्त्या झाल्या की हे वाक्य अ‍ॅनिमेटरच्या हाती द्यायला हरकत नाही. पुढच्या प्रसंगात छकुली रडत बोलणार असेल, तर त्या वेळच्या जोड्या वेगळ्या निघतील आणि त्यांच्या की तेव्हा घडवता येतील.